संगणकाचा स्वतःचा पासवर्ड

सकाळी कार्यालय उघडते. लेखा विभागातल्या बाई संगणक सुरू करतात, रोजचा पासवर्ड टाकतात आणि पडद्यावर एक ओळ येते: `The trust relationship between this workstation and the primary domain failed.` पासवर्ड बरोबर असतो. त्या पुन्हा सावकाश टाकून बघतात, कॅप्स लॉक तपासतात, तरी तीच ओळ. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने लॉगिन बिनबोभाट होते.

दुरुस्तीला आलेल्या माणसासाठी या शेजारच्या टेबलावरच्या लॉगिनमध्येच निदान असते. माणसाचे खाते ठीक आहे, सर्व्हर चालू आहे, नेटवर्कही आहे. बिघाड आहे तो हा एक संगणक आणि सर्व्हर यांच्यातल्या ओळखीत. तरीही अनेक ठिकाणी पुढचा अर्धा दिवस माणसाच्याच खात्याशी खेळण्यात जातो. पासवर्ड बदलला जातो, खाते काढून नवे केले जाते, संगणक फॉरमॅट होतो, आणि शेवटी बाईंचा डेस्कटॉप, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, आउटलुकची मांडणी हे सगळे नाहीसे होते. बिघाड मूळचा एवढा मोठा नसतोच. योग्य जागी हात घातला तर प्रोफाइलला धक्काही न लावता तो काही मिनिटांत दुरुस्त होतो.

ज्या कार्यालयात सगळ्या संगणकांचे लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळले जाते, तिथे बहुधा मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते. त्या रचनेला डोमेन म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर. या डिरेक्टरीत माणसांची खाती असतात हे सगळ्यांना माहीत असते. संगणकांचीही खाती असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. `ACC-PC07` नावाचा संगणक डोमेनमध्ये घेतला की डिरेक्टरीत `ACC-PC07$` असे खाते तयार होते आणि त्या खात्याला पासवर्ड असतो. तो १२० अक्षरांचा, यंत्राने स्वतःच यादृच्छिक बनवलेला असतो. कुणाला तो दिसत नाही, कुणी टाइप करत नाही. त्याची एक प्रत संगणकाच्या रजिस्ट्रीतल्या संरक्षित कप्प्यात असते आणि दुसरी डोमेन कंट्रोलरवर.

बाई लॉगिन करतात तेव्हा दोन गोष्टी घडतात. आधी डोमेन कंट्रोलर बाईंचा पासवर्ड तपासतो. तो बरोबर असला की त्यांना या विशिष्ट संगणकावर बसण्यासाठी एक तिकीट देतो. हे तिकीट त्या संगणकाच्या पासवर्डने कुलूपबंद केलेले असते, म्हणजे ते फक्त तोच संगणक उघडू शकतो. संगणकाकडची प्रत आणि सर्व्हरकडची प्रत वेगळी निघाली, तर तिकीट उघडत नाही. संगणकाला एवढेच कळते की समोरून आलेल्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि तो वर दिलेली ओळ दाखवतो.

आता प्रश्न असा की दोन्ही प्रती वेगळ्या होतात कशा. याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: ‘संगणक महिनाभर बंद राहिला की त्याचा पासवर्ड संपतो आणि विश्वास तुटतो.’ असे होत नाही. हा पासवर्ड ३० दिवसांनी बदलतो हे खरे, पण तो बदलण्याचा पुढाकार संगणक घेतो, सर्व्हर नाही. संगणकातली नेटलॉगॉन नावाची सेवा ३० दिवस उलटले की नवा पासवर्ड बनवते, आधी स्वतःकडे लिहून ठेवते आणि मग सर्व्हरला कळवते. आधीचा पासवर्डही ती जपून ठेवते, म्हणजे मधेच वीज गेली तरी जुन्यावर परतता येते. संगणक कपाटात वर्षभर पडून राहिला, तर वर्षभर दोन्हीकडे जुनाच पासवर्ड राहतो. संगणक सुरू केला की तो जुन्या पासवर्डने ओळख पटवतो आणि लगेच नवा करून टाकतो. वर्षभर बंद असलेल्या संगणकावर ही ओळ दिसलीच, तर बहुतेक वेळा कुणीतरी ‘न वापरलेली खाती’ म्हणून त्याचे खाते डिरेक्टरीतून काढून टाकलेले असते.

दोन्ही प्रती खरोखर वेगळ्या होतात त्या वेगळ्या वाटांनी. संगणकावर दोन महिन्यांपूर्वीची डिस्क इमेज परत बसवली, की पासवर्डही दोन महिने मागे जातो आणि सर्व्हरकडे मात्र ताजा असतो. आभासी मशीन जुन्या स्नॅपशॉटवर नेले तरी हेच होते. डिरेक्टरीत खात्यावर उजवी क्लिक करून कुणी ‘रीसेट अकाउंट’ निवडले, तर फक्त सर्व्हरची बाजू बदलते. आणि एक वाट आहे जी कार्यालयांत सर्रास दिसते, पण शोधताना सर्वांत शेवटी सुचते: एकाच नावाचे दोन संगणक. तेच उदाहरण नीट उलगडून पाहू, कारण दुरुस्तीतली सगळी वळणे त्यात येतात.

लेखा विभागातला संगणक आहे `ACC-PC07`. भांडारासाठी नवा संगणक येतो. बसवणारा मुलगा नावांची यादी बघतो, त्याला सात क्रमांक रिकामा वाटतो आणि तो नव्या संगणकालाही `ACC-PC07` हेच नाव देतो. संध्याकाळी तो त्याला डोमेनमध्ये घेतो. त्याच्याकडचे आयटीचे खाते तेच आहे, ज्याने जुना संगणकही पूर्वी जोडला होता, म्हणून डिरेक्टरी हरकत घेत नाही. ती नवे खाते न करता असलेलेच वापरते आणि त्याला नवा पासवर्ड बसवते. कुठेही इशारा येत नाही. बाई त्या वेळी आधीच लॉगिन करून काम करत असतात, त्यांना काहीच जाणवत नाही. बिघाड दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जुन्या संगणकावर.

इथे घाईने जुन्या संगणकाचा पासवर्ड दुरुस्त केला, तर नवा संगणक बंद पडेल. मग भांडारातून फोन येईल, कुणीतरी तो दुरुस्त करेल आणि लेखा विभाग पुन्हा बंद पडेल. म्हणून आधी विचारायचे: सर्व्हरवरचा पासवर्ड बदलला कुणी? डोमेन कंट्रोलरवर ही आज्ञा दिली की उत्तर मिळते:

```
Get-ADComputer ACC-PC07 -Properties PasswordLastSet, IPv4Address
```

`PasswordLastSet` काल संध्याकाळची वेळ दाखवते. तेव्हा लेखा विभागात कुणीही संगणकाला हात लावलेला नव्हता. `IPv4Address` समोर जो पत्ता दिसतो, तो बाईंच्या संगणकाचा नाहीच, भांडारातल्या संगणकाचा आहे. डोमेन कंट्रोलरच्या सिस्टिम लॉगमध्ये नेटलॉगॉनची ५७२२ क्रमांकाची नोंदही सापडते, की या नावाच्या संगणकाची ओळख पटली नाही. एवढ्यावर कारण पक्के होते.

सुधारणा नव्या संगणकापासून सुरू करायची, पण त्याचे नाव सरळ बदलायचे नाही. डोमेनमध्ये असताना नाव बदलले, तर डिरेक्टरीतल्या खात्याचेच नाव बदलते. `ACC-PC07` हे खाते भांडाराचे होऊन बसेल आणि बाईंच्या संगणकाला खातेच उरणार नाही. म्हणून आधी नव्या संगणकावर स्थानिक प्रशासकाच्या खात्याने लॉगिन होते याची खात्री करायची, नेटवर्कची केबल काढायची आणि तसाच त्याला डोमेनमधून बाहेर काढून वर्कग्रुपमध्ये ठेवायचे. केबल नसल्यामुळे तो जाताना सर्व्हरवरचे खाते निष्क्रिय करू शकत नाही, आणि आपल्याला तेच हवे आहे. मग नाव `STR-PC03` करायचे, रीस्टार्ट, केबल लावायची आणि नव्या नावाने पुन्हा डोमेनमध्ये घ्यायचे. आता त्याला त्याचे स्वतःचे खाते मिळते. जुने `ACC-PC07` खाते सक्रिय आहे ना, हे डिरेक्टरीत एकदा बघून घ्यायचे. चिन्हावर खाली वळलेला बाण असेल तर ते निष्क्रिय आहे, उजवी क्लिक करून सक्रिय करायचे.

या टप्प्यावर अनेकांचा हात `Delete` कडे जातो. खाते बिघडले आहे तर काढून टाकू, संगणक पुन्हा जोडताना नवे होईलच, असा विचार असतो. माझे म्हणणे आहे की हे कधीही करू नये. संगणकाच्या खात्याला पासवर्डखेरीज बरेच काही चिकटलेले असते. त्या कार्यालयात बिटलॉकर वापरत असतील आणि चाव्या डिरेक्टरीत ठेवत असतील, तर कुलूपबंद डिस्क उघडण्याच्या ४८ अंकी चाव्या त्याच खात्याच्या आत असतात. आपल्या उदाहरणात तर दोन्ही संगणकांच्या चाव्या एकाच खात्यात जमा झालेल्या असू शकतात. खाते गेले की चाव्या गेल्या, आणि पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर डिस्क उघडणार नाही. डिरेक्टरीचा रिसायकल बिन आधीपासून चालू केलेला असेल तर काढलेले खाते परत आणता येते. नसेल तर मोठी अडचण होते.

आता बाईंचा संगणक. त्यात शिरायचे कसे? डोमेनचे कोणतेही खाते तो घेत नाही. स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड माहीत असेल तर लॉगिनच्या जागी नावाआधी `.\` लिहून आत जाता येते. पण जिथे हे पासवर्ड लॅप्स नावाच्या सोयीने आपोआप बदलून संगणकाच्या खात्यात ठेवले जातात, तिथे या प्रसंगात फसगत होऊ शकते. दोन संगणकांनी एकच खाते वापरल्यामुळे तिथे दिसणारा पासवर्ड भांडारातल्या संगणकाचा असू शकतो. अशा वेळी दुसरा मार्ग आहे. केबल काढा, वायफाय बंद करा आणि मग डोमेनच्याच खात्याने लॉगिन करा. सर्व्हर सापडत नसेल, तर विंडोज आधी त्या संगणकावर लॉगिन केलेल्या माणसांची जपलेली ओळख तपासते; नेहमीच्या मांडणीत ती शेवटच्या दहा जणांची असते. आयटीच्या ज्या माणसाने पूर्वी या संगणकावर बसून काम केले आहे आणि ज्याला इथे प्रशासकाचे अधिकार आहेत, तो असा आत जाऊ शकतो. एक लक्षात ठेवायचे: इथे त्याचा तोच पासवर्ड चालेल जो त्याने या संगणकावर शेवटचा वापरला होता. मधल्या काळात बदललेला नवा चालणार नाही.

आत गेल्यावर केबल लगेच लावायची नाही. आधी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून विंडोज पॉवरशेल उघडायचे, मग केबल. पॉवरशेलची सातवी आवृत्ती इथे कामाची नाही, त्यात या आज्ञा नाहीत. विंडोजबरोबर येणारे ५.१ हवे. पहिली आज्ञा फक्त विचारते:

```
Test-ComputerSecureChannel
```

उत्तर `False` येते. म्हणजे संगणक आणि डोमेन यांच्यातली सुरक्षित वाट तुटलेली आहे. मग दुरुस्ती:

```
Test-ComputerSecureChannel -Repair -Credential KARYALAY\helpdesk1
```

एक खिडकी येते, पासवर्ड विचारते, आणि क्षणभरात `True`. एवढ्यात नवा १२० अक्षरी पासवर्ड तयार होऊन दोन्हीकडे लिहिला गेला. इथे `KARYALAY` हे डोमेनचे नाव आणि `helpdesk1` हे आयटीचे खाते धरले आहे. या खात्याला संगणकाच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा अधिकार लागतो, त्याहून जास्त काही नाही. सगळ्या डोमेनचे सर्वोच्च अधिकार असलेले खाते कर्मचाऱ्यांच्या संगणकावर टाइप करण्याची सवय मला धोक्याची वाटते. त्या संगणकात काही घातक शिरलेले असेल, तर त्याच्या हाती अख्खे कार्यालय जाते. हा मर्यादित अधिकार देऊन ठेवलेले वेगळे खाते प्रत्येक कार्यालयात असावे.

आज्ञा `True` न देता ‘सर्व्हर सापडत नाही’ अशा अर्थाची चूक दाखवत असेल, तर पासवर्डचा नाद सोडून डीएनएस बघायचा. संगणकाला डोमेन कंट्रोलरचा डीएनएस दिलेला नसेल आणि इंटरनेटवाल्याचा असेल, तर त्याला कार्यालयातला सर्व्हर कळणारच नाही. घड्याळही बघून घ्यायचे, कारण संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असला की तिकिटे नाकारली जातात. हे दोन्ही ठीक असूनही दुरुस्ती होत नसेल, तर सर्व्हरचे नाव स्पष्ट देऊन हे करून बघता येते:

```
Reset-ComputerMachinePassword -Server DC01 -Credential KARYALAY\helpdesk1
```

अनेक डोमेन कंट्रोलर असलेल्या मोठ्या कार्यालयात याचा उपयोग होतो, कारण कोणत्या सर्व्हरवर बदल लिहिला गेला हे आपल्याला माहीत राहते. बाकीच्यांपर्यंत तो पोहोचायला थोडा वेळ लागू शकतो.

बाई आता आपल्या नावाने लॉगिन करतात आणि सगळे जिथल्या तिथे असते. हे असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण प्रोफाइल जाण्याच्या भीतीपोटीच माणसे चुकीच्या वाटा धरतात. शेत लोक नावाने ओळखत असले तरी तलाठ्याच्या दप्तरात ते गट क्रमांकाने असते. तसे विंडोजच्या दप्तरात माणूस नावाने नसतो, एका लांबलचक क्रमांकाने असतो. या क्रमांकाला सिड म्हणतात. `whoami /user` अशी आज्ञा दिली की तो दिसतो, `S-1-5-21` ने सुरू होणारा. रजिस्ट्रीत `ProfileList` नावाची यादी आहे, तिथे प्रत्येक सिडसमोर त्याचे फोल्डर लिहिलेले असते, उदाहरणार्थ `C:\Users\lekha`. संगणकाचा पासवर्ड बदलल्याने माणसाच्या सिडला काही होत नाही, त्या यादीलाही नाही.

म्हणून प्रोफाइल खरे जाते ते दुसऱ्याच कृतींनी. बाईंचे डोमेनमधले खाते कुणी काढून त्याच नावाने नवे केले, तर नाव तेच राहते आणि सिड नवा होतो. विंडोजच्या लेखी हा वेगळाच माणूस. जुने फोल्डर आधीच आहे म्हणून ती नवे करते, `C:\Users\lekha.KARYALAY` असे, आणि बाईंसमोर रिकामा डेस्कटॉप येतो. ‘तात्पुरते’ म्हणून स्थानिक खाते काढून दिले तरी हेच. फायली अजून जुन्या फोल्डरमध्ये असतात, पण ते कुणाला सांगावे लागते. मग फायली नव्या फोल्डरमध्ये ओढून जुने काढून टाकले जाते आणि तिथे खरे नुकसान होते, कारण ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि प्रमाणपत्रे जुन्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद असतात. फायलींच्या प्रती केल्या तरी ती नव्या खात्यात उघडत नाहीत. बाईंनी विचारले, ‘माझ्या फायली जातील का हो?’, तर दुरुस्तीला आलेल्याने खात्रीने म्हणावे, ‘नाही मॅडम, तुमच्या फोल्डरला मी हातच लावणार नाही,’ आणि तसेच वागावे.

डोमेनमधून काढून पुन्हा जोडणे हा सर्वांना माहीत असलेला उपाय. डोमेन तेच आणि माणसाचे खाते तेच असेल तर त्यानेही प्रोफाइल जात नाही, तेव्हा तो वाईट नाही. पण तो शेवटचा ठेवावा. बाहेर काढल्यावर रीस्टार्ट होतो आणि त्यानंतर डोमेनची जपलेली ओळख चालत नाही; स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड आधी प्रत्यक्ष टाकून पाहिलेला नसेल, तर आपणच बाहेर अडकतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासूनच्या विंडोज अद्यतनांनी एक नवा पहारा बसवला आहे. डिरेक्टरीत असलेले खाते दुसऱ्याच कुणाच्या नावाने बनलेले असेल, तर पुन्हा जोडताना `0xaac` ही चूक येते आणि सुरक्षा धोरणाने अडवल्याचे कळते. हा पहारा चांगल्यासाठीच आहे, परक्याने एखाद्या संगणकाचे खाते बळकावू नये म्हणून. मात्र अडलेला माणूस इथे पुन्हा खाते पुसण्याकडे वळतो. त्याऐवजी ज्या खात्याने तो संगणक मुळात जोडला होता ते वापरावे, किंवा डोमेन सांभाळणाऱ्याकडून रीतसर परवानगी मिळवावी.

आपल्या उदाहरणात शेवटी उरते ती नावांची यादी. क्रमांक रिकामा आहे का हे कागदावर न बघता डिरेक्टरीत शोधून बघावे, आणि त्याहून चांगले म्हणजे नावात यंत्राच्या अनुक्रमांकातली अक्षरे घ्यावीत, म्हणजे दोन नावे एकसारखी होणारच नाहीत. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावे. जुन्या पद्धतीच्या नावाला तेवढीच जागा असल्याने लांब नावांची शेपटी कापली जाते, आणि `LEKHAVIBHAG-PUNE-01` व `LEKHAVIBHAG-PUNE-02` ही दोन वेगळी नावे डिरेक्टरीत एकच होऊन बसतात.